पंच्याण्णव ग्रॅम भाजी

दैवशाला हसनाबादची. मी निवृत्त शिक्षक, माझ्या घराची आणि तिच्या घराची भिंत एकच आहे, त्यामुळे तिच्याकडे फोडणी पडली की मला इकडे शिंक येते. वय त्रेचाळीस. तिचे मालक बिभीषण भोकरदनच्या लाइनीवर काळी-पिवळी जीप चालवतात. एक मुलगी, ती संभाजीनगरला नर्सिंग शिकते. दैवशालाचं माहेर तिकडं जाफराबादच्या बाजूला, मेंढरांवाल्यांचं. आठवीपर्यंत ती कळपामागे फिरत शिकली, बारावी लग्नानंतर झाली, आणि बी. ए. मुक्त विद्यापीठातून, मुलगी पाचवीत असताना.

गावात तिला सगळे 'सर्वेवाली' म्हणतात. पोलिओची घरं मोजायची असोत, जनावरांची गणना असो, संडास आहे की नाही ते लिहायचं असो, यादीत तिचं नाव असतंच. कारण एकच. ती घरात न जाता घराची माहिती लिहीत नाही. बाकीचे पारावर बसून चार जणांना विचारून फॉर्म भरतात, ती गोठ्यात जाऊन शेळ्या मोजते. एकदा जनावरांच्या गणनेत तिने एका पुढाऱ्याच्या कागदावरच्या अकरा म्हशींच्या जागी तीन लिहिल्या, तेव्हा बरीच बोलाबोली झाली होती. तिने आकडा बदलला नाही.

म्हणून पुढे जे घडलं ते तिला फार लागलं.

गेल्या कपाशीच्या हंगामात एका कॉलेजच्या आहारशास्त्र विभागाने भोकरदन तालुक्यातल्या चार गावांत पाहणी काढली. एकशेवीस घरं. घरातली बाई दिवसभरात काय खाते, किती खाते, ते सांगण्यावरून नाही तर काट्यावर मोजून लिहायचं. प्रत्येक घरी दोन दिवस. दैवशालाकडे धावडा आणि आजूबाजूच्या वाड्या आल्या. जालन्याला चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला अर्पिता मॅडम होत्या. सत्तावीस वर्षांच्या, आहारशास्त्रात एम. एस्सी., बोलायला मऊ पण कामाला कडक.

मॅडमनी सांगितलं होतं : स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी पोचायचं. भाजी निवडून झाली की पानं मोजायची, देठं-मुळं सोडून. डाळ, तेल, पीठ सगळं वेगवेगळं. शिजल्यावर पातेल्यासकट वजन करायचं आणि रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं. मग बाईच्या ताटात किती पडलं ते मोजायचं. ताटातला वाटा आणि पातेल्यातला एकूण ऐवज यांवरून तिच्या पोटात कच्ची पानं किती गेली ते निघतं.

दैवशालाने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. कॉलेजने प्रत्येकीला एक सपाट काचेचा डिजिटल काटा आणि एक टॅब्लेट दिला. टॅब्लेटमध्ये पदार्थाचं नाव निवडायचं आणि ग्रॅम टाकायचे, एवढंच.

बागायतदारांच्या घरी काम सोपं गेलं. तिथे नऊला चूल पेटते. ती साडेसातच्या सुमाराला धावड्यात उतरायची, चहा व्हायचा, बाई भाजी निवडायला बसायची, ती काटा मांडायची. पण मजूर बायांच्या घरी गणित जमेना. हसनाबादहून पहिली जीप सहाला सुटते. भोकरदनला बदलून धावड्याला पोचेपर्यंत त्या बायांचा स्वयंपाक होऊन, डबा बांधून, वेचणीला न्यायला आलेला टेम्पो वेशीवर उभा असायचा.

गोपिकाबाईच्या घरी तसंच झालं. गोपिकाबाई पन्नाशीची बाई, वेचणीच्या टोळीची मुकादम म्हणा ना. सतरा बाया तिच्या शब्दावर निघतात. घरात मुलगा आदिनाथ आणि सून वर्षाराणी, तिघंही वेचणीला जाणारे. दैवशाला पोचली तेव्हा गोपिकाबाई डोक्याला फडकं बांधत होती.

"मावशी, तुमचं जेवण मोजायचंय."

"आता? टेम्पोवाला बोंबलून राह्यला ना बाई."

"दोन मिन्टं. डबा उघडा फक्त."

गोपिकाबाईने डब्याच्या फडक्याची गाठ सोडली. दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि डब्याच्या खणात कोरडी मेथीची भाजी. दैवशालाने भाकरी मोजल्या. भाजी काट्यावरच्या ताटलीत काढली, वजन बघितलं, परत खणात घातली. पंच्याण्णव ग्रॅम. टॅब्लेटवर 'मेथी' निवडलं, पंच्याण्णव टाकलं. टेम्पोने हॉर्न दिला. गोपिकाबाई गेली.

पातेलं तेव्हा घासून पालथं घातलेलं होतं. कच्ची पानं किती होती हे विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं.

दैवशालाच्या मनात त्या वेळी शंका आली नाही असं नाही. तिने ती मला नंतर सांगितली. तिला वाटलं, मेथी ती मेथीच. पातेल्यात गेली म्हणून तिच्यातलं लोह पळून जातं का? पानात होतं तेवढंच भाजीत असणार. मग कच्ची लिहिली काय अन् शिजलेली लिहिली काय. असा विचार करून तिने सदतीस घरं तशीच भरली.

लोह पळून जात नाही, हे तिचं बरोबर होतं. चूक 'कच्ची काय अन् शिजलेली काय' यात होती.

डिसेंबरात चार गावांचे आकडे जमले. धावड्याच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मॅडमनी बैठक लावली, की काय आढळलं ते गावाला सांगावं. रविवार असल्यामुळे वेचणीच्या बायाही आल्या. सरपंच, आशाताई, अंगणवाडीच्या सत्यशीलाबाई, आणि मागे भिंतीला टेकून गोपिकाबाईची टोळी. दैवशाला पुढे बसली होती, मॅडमच्या शेजारी.

मॅडमनी पडद्यावर आलेखाचे दोन खांब दाखवले. एक उंच, एक बुटका. शेतमालकांच्या घरातली बाई दिवसाला सरासरी एकशेचार ग्रॅम पालेभाजी खाते, मजुरी करणारी बाई अठ्ठावन्न. जवळपास निम्मी. म्हणून पुढच्या महिन्यापासून मजूर बायांसाठी खास कार्यक्रम घ्यायचा आहे, पालेभाजीचं महत्त्व समजावून सांगायचा.

मागून आवाज आला.

"काऊन ओ मॅडम, आमी पाला खात न्हाई असं कोन म्हन्लं?"

गोपिकाबाई उभी राहिली होती. मॅडम म्हणाल्या, "मावशी, कोणी म्हणालं नाही. मोजून आलंय."

"मंग माझं किती आलं ते सांगा."

मॅडमनी दैवशालाकडे बघितलं. दैवशालाने टॅब्लेट उघडला. नाव शोधलं. "पंच्याण्णव ग्रॅम, मावशी. दुसऱ्या दिवशी काही न्हाई, त्या दिवशी बेसन होतं."

"म्हन्जे किती? जुडीत सांगा."

मॅडम म्हणाल्या, "एक जुडी निवडली की साधारण शंभर ग्रॅम पानं निघतात. म्हणजे एका जुडीहून थोडी कमीच."

गोपिकाबाई हसली. चांगली नाही हसली. "चार जुड्या निवडल्या होत्या मी त्या रोजी. सुनंनं अन् मी बसून. खानारे आमी तीन. दर मानशी जुडीच्या वर पडती का न्हाई? हिशेब तुमीच करा. दैवशालाबाईनं सवता डबा उघडून मोजली. आता म्हन्ती एक जुडी बी न्हाई. बाकीची काय टेम्पोवाल्यानं खाल्ली?"

बाया हसल्या. वर्षाराणी मात्र हसली नाही, तिने सासूचा पदर ओढून खाली बसवलं. सत्यशीलाबाईंनी विषय बदलला, चहा आला, बैठक संपली. निघताना गोपिकाबाई दैवशालाच्या अंगावरून गेली, थांबली नाही. कुणी खाणं काढलं तर माणूस सहन करतो, पण उपाशी नसताना उपाशी ठरवलं तर करत नाही.

दैवशालाने त्या दिवशी घरी येऊन सगळं सांगितलं. बिभीषण म्हणाले, "अगं, लोक बोलतच अस्तेत. जुड्या काय सारख्या अस्तेत का? त्यांची बारीक आसल."

"चार बारीक जुड्या म्हटल्या तरी तिघांत एक-एक पडतेच ना."

"मंग खोटं बोलली आसल."

"ती बाई खोटं बोलत न्हाई," दैवशाला म्हणाली. "अन् काटा बी बोलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारगल्लीतून चार जुड्या मेथी घेऊन आली. मी अंगणात पेपर वाचत होतो. मला म्हणाली, "सर, जरा इकडं या. मी आकडे सांगते, तुमी लिवा. मला एकटीला माझ्यावर भरवसा न्हाई आता."

मी वही घेऊन तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलो. तिने पानं खुडली. काट्यावर रिकामी परात ठेवून शून्य केलं, पानं घातली. चारशेवीस. मी लिहिलं. लोखंडी कढई मोजली. तेल, लसूण, मिरची, मीठ. कढईत पानं घातली तेव्हा ती कडेच्या वर डोंगरासारखी झाली. झाकण बसेना. दोन मिनिटांत पाणी सुटलं आणि डोंगर खाली बसला. मजूर बायांसारखी कोरडी करायची म्हणून तिने झाकण काढून पाणी आटेपर्यंत परतली. मग कढई काट्यावर. कढईचं वजन वजा केलं.

"किती?" मी विचारलं.

तिने वजाबाकी पुन्हा केली. "दोनशे पंधरा. त्यात तेल बी आलं."

गृहिणीला भाजी आटते हे कुणी सांगायला लागत नाही. तिने हजारदा बघितलं होतं. पण बघितलेलं आणि काट्यावर आलेलं यांत फरक आहे, आणि तो तिला त्या सकाळी कळला.

ती हळूहळू बोलायला लागली. मला सांगत होती की स्वतःला, देव जाणे. "पानातलं लोह कढईतच आहे. ते कुठं गेलं न्हाई. गेलं ते पानी. म्हन्जे पहिले चारशेवीस ग्रॅममधी जे होतं ते आता दोनशे पंधरामधी बसलंय. तर ह्या भाजीच्या एक ग्रॅममधी कच्च्या पानाच्या जवळपास दुप्पट माल झाला. अन् मी काय केलं? शिजलेल्या भाजीचे पंच्याण्णव ग्रॅम टाकले, अन् टॅब्लेटनं त्याला कच्च्या पानाचा दर लावला." तिने कढईवर झाकण ठेवलं. "सर, मी त्या बायांचं अर्धं जेवण खोडून टाकलं."

मी म्हणालो, "तुला टेम्पोने वेळ दिला नाही. आणि टॅब्लेटमध्ये कच्ची-शिजलेली असा रकाना तरी कुठे होता?"

"व्हता का नव्हता हा त्यांचा प्रश्न. मला चार दिवस शिकवलं व्हतं ना?"

तिने लगेच मॅडमना फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आलं. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. किती घरं, कोणती घरं, का.

"दैवशालाताई, अहवाल पंधरा तारखेला द्यायचाय," मॅडम म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "यादीत 'मेथी' म्हणून मी एकच नोंद ठेवली, कारण तुम्ही सगळ्याजणी कच्ची मोजणार असं धरलं होतं. तक्त्यातले आकडे कच्च्या, निवडलेल्या पानांचे आहेत. शंभर ग्रॅमला साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास लोह. शिजलेल्या भाजीवर ते लावताच येत नाहीत." मग विचारलं, "सदतीसपैकी मजूर घरं किती?"

"चौतीस."

"चौतीस! म्हणजे चूक सगळीकडे सारखी पसरलेलीसुद्धा नाही."

"न्हाई मॅडम. जी बाई लवकर घर सोडती तिच्याच वाट्याला आली. अन् त्या डब्यात नेतात म्हणून कोरडी करतात, आटवून आटवून. पातळ भाजी नेली तर सांडती."

मॅडमनी हे दोनदा म्हणवून घेतलं, बहुतेक लिहून घेत असाव्यात. मग म्हणाल्या, "पातेलं मोजलेलं नसेल तर मागे जाऊन कच्चं वजन काढता येणार नाही. पुन्हा मोजावं लागेल. सगळी नाही, चौदा-पंधरा घरं तरी. त्यावरून प्रत्येक प्रकारच्या भाजीचं गुणोत्तर काढू आणि बाकीच्यांना लावू. तुम्ही जाल का?"

"कधी जाऊ?"

"चूल पेटायच्या आधी पोचता येईल तेव्हा."

पहिल्या जीपने ते जमणार नव्हतं. म्हणजे आदल्या संध्याकाळी धावड्यात मुक्काम करायचा. सत्यशीलाबाईंनी आपल्या घरी ठेवून घेतलं असतं, पण दैवशाला थेट गोपिकाबाईच्या दारात गेली. पिशवी खांद्यावर, काटा हातात. गोपिकाबाई कापूस वेचताना कमरेला बांधायच्या ओटीतली सरकी झटकत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा खाली.

"आता काय राह्यलं मोजायचं?"

"चुकलं माझं, मावशी. तुमची भाजी मी कमी लिवली. परत मोजायला आले."

"पंच्याण्णव तूच म्हन्लीस."

"पंच्याण्णव बराबर होतं. पर ते आटलेल्या भाजीचं होतं. मी ते कच्च्या पानाचं म्हणून लिवलं. पानं त्याच्या लई वर होती."

गोपिकाबाईने सरकी झटकणं थांबवलं नाही. तशीच म्हणाली, "म्हन्जे माझ्या चार जुड्या खऱ्या."

"खऱ्या."

"मंग बस. वर्षा, बाईला चहा टाक."

पहाटे चारला वर्षाराणीने चूल पेटवली. दैवशाला तिच्याआधी उठून काटा मांडून बसली होती. बल्बच्या उजेडात काट्यावरचे आकडे निळे दिसत होते. मेथी आदल्या संध्याकाळीच निवडून ओल्या फडक्यात ठेवलेली होती. चारशेदहा ग्रॅम. तेल वीस, दाण्याचं कूट पंचवीस. वर्षाराणी पहिल्यांदा बावरली, तिला वाटलं आपल्या हातात काही खोट काढायला ही बाई आली. तेल ओतताना ती हात आखडता घ्यायला लागली तेव्हा दैवशाला म्हणाली, "रोज घालती तसंच घाल, बाई. मी आहे म्हणून कमी-जास्ती करू नको. मला तुझी रोजची भाजी पाह्यजे."

भाजी झाली. पातेल्याचं वजन वजा जाता दोनशे चाळीस.

गोपिकाबाई मिसरी घासत उंबऱ्यात बसली होती. "काय निघालं?"

दैवशालाने टॅब्लेट बाजूला ठेवला आणि वहीत हाताने गणित केलं, तिला दाखवत. दोनशे चाळीस ग्रॅम भाजीत चारशेदहा ग्रॅम पानं गेली. तर पंच्याण्णव ग्रॅम भाजीत किती? एकशेबासष्ट.

"एकशेबासष्ट ग्रॅम पानं, मावशी. जुडीत म्हटलं तर दीडच्या वर."

"मी तेच म्हन्ले व्हते ना हालमधी!"

"तेच म्हन्ल्या व्हत्या."

"मंग मशीन कशाला पाह्यजे?" असं म्हणून गोपिकाबाई चूळ भरायला उठली. पण जाताना तिने वर्षाराणीला सांगितलं की बाईच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेव.

त्या दोन आठवड्यांत दैवशालाने चौदा घरं केली. रोज वेगळ्या घरी मुक्काम. गोपिकाबाईने टोळीतल्या बायांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दारं उघडी मिळाली. कोरड्या मेथीचं गुणोत्तर घराघरात थोडं फिरलं. कूट जास्त घातलं की भाजीचं वजन वाढतं आणि ग्रॅममागे पानं कमी होतात. कांदा घातला की तेच. कोरडा पालक मेथीपेक्षाही जास्त बसला.

मग एका घरात सगळं उलटं निघालं. तुळजाबाई नावाची एकटी राहणारी म्हातारी, तिच्याकडे आदल्याच दिवशी भाऊ-भावजय आली होती. तिने पालकाची पातळ भाजी केली. डाळ शिजवून, बेसन लावून, वर भरपूर पाणी. निवडलेला पालक तीनशे ग्रॅम. पातेल्यात भाजी भरली अकराशे पन्नास. म्हातारीने वाटीभर घेतली, दोनशेतीस ग्रॅम.

दैवशालाने तिथूनच मॅडमना फोन केला. "मॅडम, इथं तर वजन वाढलं. ह्या वाटीत पालक निघतो साठच ग्रॅम. मी पहिल्या वेळी अशा भाजीचे दोनशेतीस टाकले असते तर?"

"तर बाई चौपट पालेभाजी खाते असं दिसलं असतं," मॅडम म्हणाल्या. "टाकलेत का कुठे?"

दैवशालाने यादी बघितली. तीन बागायतदार घरं होती, जिथे तिला उशीर झाला होता. पातळ भाजी. तिन्ही ठिकाणी वाटीचं वजन 'पालक' म्हणून पडलेलं होतं. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी झाली होती. एकीकडचं खोडलं गेलं, दुसरीकडचं फुगलं.

"म्हणून एकच गुणोत्तर सगळ्यांना लावायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पाणी गेलं की ग्रॅममागे माल वाढतो, पाणी घातलं की कमी होतो. कोरडीचं वेगळं, पातळाचं वेगळं. आणि ताई, पाणी फेकतात का कोणी? पालक उकडून?"

"न्हाई. इथं कोन फेकतंय?"

"मग लोह-कॅल्शियम पातेल्यातच राहिलं. क जीवनसत्त्व तेवढं आचेवर कमी होतं, पानं कितीही मोजली तरी. त्याची वजावट मी इकडे वेगळी करते."

दैवशालाने तेही वहीत लिहिलं. ती वही मी पाहिली आहे. प्रत्येक पानावर वर घराचं नाव, खाली कच्चं, खाली शिजलेलं, रिकाम्या भांड्याचं वजन, आणि कोपऱ्यात 'सर्व उपस्थित राहून मोजले' असं लिहून सही. जुन्या सदतीस घरांची यादी शेवटच्या पानावर आहे. त्यावर तिने स्वतःच लाल शाईत लिहिलंय : माझी चूक, शिजलेले वजन कच्चे म्हणून भरले.

अहवाल पंधरा तारखेला गेला नाही. मॅडमना वरून बोलणी खावी लागली असं ऐकलं. त्यांनी दैवशालाचं नाव कुणाला सांगितलं नाही, पण नोंदीच्या पद्धतीत काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त केलं हे अहवालात एक पानभर लिहिलं. तेवीस घरांचे आकडे प्रत्यक्ष मोजलेले नसून गुणोत्तरावरून काढलेले आहेत हेही लिहिलं. मला ते बरं वाटलं. दुरुस्त केलेला आकडा मोजलेल्या आकड्याइतका पक्का नसतो, आणि तसं सांगायला धीर लागतो.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा त्याच हॉलमध्ये बैठक झाली. या वेळी दैवशालाने मला सोबत नेलं. पडद्यावर पुन्हा दोन खांब होते, पण आता ते जवळजवळ एका उंचीचे होते. शेतमालकांच्या घरात एकशेएक, मजुरांच्या घरात त्र्याण्णव.

मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं. पालेभाजी तुम्ही जवळपास सारखीच खाता. तो कार्यक्रम आम्ही रद्द केलाय."

दैवशाला उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हातातली वही घट्ट धरून म्हणाली, "चूक माझी होती. मी शिजलेली भाजी कच्ची म्हणून लिवली. मावशी खरं बोलत होत्या." आणि बसली. एवढंच.

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गोपिकाबाईने मान हलवली, जशी वेचणीत एखादीने ओटी बरोबर भरली की हलवते तशी.

मग मॅडमनी पुढचा पडदा लावला. डाळ आणि दूध. तिथे मात्र खांब सारखे नव्हते. मजूर बायांचा डाळीचा खांब निम्म्याहून कमी, दुधाचा जवळजवळ जमिनीला टेकलेला. मॅडम म्हणाल्या की हे आकडे दोनदा तपासलेत. डाळ एकतर कच्ची, साठवणीच्या डब्यातून काढताना मोजलेली आहे किंवा शिजलेल्या वरणावरून हिशेब करून. इथे चूक नाही.

गोपिकाबाईने बसल्या जागेवरूनच विचारलं, "म्हन्जे भाजी खातो, डाळ न्हाई खात?"

"हो, मावशी. तसंच दिसतंय."

"ते तर आमाला म्हाईतच व्हतं," ती म्हणाली. "मंग आता डाळीचं काय करता ते बोला."

अंगणवाडीतून काय देता येईल, रेशनवर तूरडाळ नियमित का येत नाही, यावर सरपंच आणि सत्यशीलाबाई बराच वेळ बोलत राहिले. बाया मध्येमध्ये सुनावत होत्या. दैवशाला खाली बसून सगळं लिहून घेत होती, कोण काय म्हणालं ते नावासकट.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. मी विचारलं, "पुढच्या पाहणीला बोलावतील का तुला?"

"बोलावलंय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात, जाफराबादकडं. मॅडम म्हन्ल्या टॅब्लेटमधी आता कच्ची, शिजलेली, पातळ असे तीन रकाने केलेत, अन् पातेल्याचं वजन टाकल्याबिगर पुढं जाताच येत न्हाई." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पर मी सांगितलं, मुक्कामाची सोय लावा पहिले. बाई चार वाजता चूल पेटवती अन् आपण साडेसातला जातो, तर रकाना काय करनार?"

भोकरदनला जीप बदलायला उतरलो तेव्हा तिचा फोन वाजला. वर्षाराणी होती. आज शेपू केलाय, तो मोजायचा राहिला होता का, असं विचारत होती.

"राह्यला होता," दैवशाला म्हणाली. "पानं मोजलीस का आधी?"

भाजी शिजून उतरवलीही, असं पलीकडून उत्तर आलं. दैवशालाने कपाळाला हात लावला आणि हसायला लागली.

"बरं, राहू दे. आता खाऊन घ्या."